मी हातानं लिहिलेला निबंध ‘एआय’चा कसा ठरला?

ताई, मी गारगोटीकडची. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता कोल्हापुरात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पंचगंगेच्या प्रदूषणावर इंग्रजीत बाराशे शब्दांचा निबंध द्यायचा होता. मी आधी वहीत लिहिला, मग गूगल डॉक्समध्ये टाइप केला आणि लाल-निळ्या रेषा आल्या तिथं दुरुस्त्या केल्या. सरांनी तो तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर ‘८२ टक्के एआय’ असं आलं. सर म्हणतात, दहा टक्क्यांच्या वर चालणार नाही, सोमवारपर्यंत नवा लिहून आण, नाहीतर शून्य. माझ्या इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणीला चार टक्के आले. वर्गातला एक जण सांगतोय, ‘ह्युमनायझर’मधून काढ, आकडा लगेच खाली येतो. मी एआय वापरलेलं नाही, ताई. मग असं का आलं? आणि आता मी काय करू? सोबत निबंधाची पहिली दोन पानं आणि रिपोर्ट पाठवतेय.

— एक विद्यार्थिनी

सगळ्यात आधी एवढं कर. ज्या वहीत निबंध लिहिलास ती वही जपून ठेव. त्यातली खाडाखोड, समासातल्या नोंदी, मध्येच मराठीत लिहिलेली वाक्यं, काहीही नीटनेटकं करायला जाऊ नकोस. गूगल डॉक्समधली फाइलही आहे तशी राहू दे. नवा मसुदा लिहायची वेळ आलीच तर तो वेगळ्या फाइलमध्ये लिही. आणि ह्युमनायझरच्या वाटेला जाऊ नकोस. का, ते पुढं सांगते.

आता ‘असं का आलं’ याकडे वळू. ते एकदा नीट समजलं की सरांशी काय बोलायचं हेही तुला सुचेल.

तू निबंध कुठं बसून लिहिलास, किती दिवस लिहिलास, कुणाला विचारलंस, यातलं त्या सॉफ्टवेअरला काहीही माहीत नसतं. त्याच्यापुढं फक्त शब्दांची ओळ असते. चॅटजीपीटीसारखी प्रणाली मजकूर तयार करते तेव्हा दर शब्दाला एक हिशोब करते: आतापर्यंत आलेल्या शब्दांनंतर पुढं कोणता शब्द येण्याची शक्यता किती? मग बहुतेक वेळा ती वरच्या शक्यतांपैकीच एक शब्द घेते. तपासणारं सॉफ्टवेअर हाच हिशोब उलट बाजूनं मांडतं. ते तुझं वाक्य शब्दाशब्दानं पुढं नेतं आणि प्रत्येक ठिकाणी बघतं की तू लिहिलेला शब्द आपल्याला आधीच अपेक्षित होता का. सगळे शब्द अपेक्षेप्रमाणे आले तर मजकूर यंत्राचा असावा, असं ते धरतं. अनपेक्षित शब्द जास्त आले तर माणसाचा. या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. पर्प्लेक्सिटी १० आली याचा अर्थ असा, की दर शब्दाला त्या प्रणालीपुढं जणू दहा सारख्याच शक्यतेचे शब्द उभे होते. हा आकडा जितका कमी, तितका संशय जास्त.

तुझ्याच दोन वाक्यांवर हे करून बघू. निबंधाचं पहिलं वाक्य आहे: ‘वॉटर प्लेज अ व्हायटल रोल इन ह्यूमन लाइफ.’ यातले मधले चार शब्द घे: व्हायटल, रोल, इन, ह्यूमन. ‘प्लेज अ’ नंतर ‘व्हायटल’ येण्याची शक्यता चारात एक धरू. ‘व्हायटल’ नंतर ‘रोल’ आणि ‘रोल’ नंतर ‘इन’ हे तर जवळजवळ ठरलेलेच, म्हणून तिथं एकात एक. ‘ह्यूमन’ला सोळात एक देऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण हिशोबाची रीत खरी आहे. गुणाकार केला तर चौसष्टात एक येतं. तो चार शब्दांवर सारखा पसरला, म्हणजे ६४ चं चौथं मूळ काढलं, की पर्प्लेक्सिटी येते सुमारे २.८. म्हणजे दर शब्दाला प्रणालीपुढं सरासरी तीनसुद्धा पर्याय नव्हते.

दुसऱ्या पानावर तुझं आणखी एक वाक्य आहे: ‘बिफोर द फ्लड माय अंकल पुल्स द मोटर आउट ऑफ द जॅकवेल.’ पूर यायच्या आधी नदीवरच्या मोटारी काढून घ्यायची घाई पंचगंगेकाठच्या माणसाला सांगावी लागत नाही. पण इंग्रजी मजकुरांवर शिकलेल्या प्रणालीला हे वाक्य फारच कमी वेळा भेटलेलं असणार. इथंही चार शब्द घे: अंकल, पुल्स, मोटर, जॅकवेल. त्यांना दहात एक, विसात एक, विसात एक आणि पन्नासात एक अशा शक्यता दिल्या तर गुणाकार दोन लाखात एक होतो आणि चौथं मूळ येतं सुमारे २१. रिपोर्टमध्ये तुझं पहिलं वाक्य रंगवलेलं आहे, हे दुसरं रंगवलेलं नाही. दोन्ही तुझीच, एकाच वहीतली. तुझ्या पहिल्या पानावरचा जवळजवळ सगळा परिच्छेद रंगलाय आणि त्यात ‘नाऊ अ डेज’, ‘मेजर प्रॉब्लेम’, ‘डे बाय डे’, ‘मोरओव्हर’, ‘देअरफोर’, ‘वी शुड टेक स्टेप्स’ असं सगळं ओळीनं आलंय. तू काकाकडून शेताकडं, बंधाऱ्याकडं, मेलेल्या माशांकडं वळलीस तिथं रंग विरळ होत गेलाय.

दुसरं माप वाक्यांच्या चढ-उताराचं असतं. त्याला बर्स्टीनेस म्हणतात. माणूस एखादं तीन शब्दांचं वाक्य लिहितो, मग पुढचं चाळीस शब्दांचं. एक सरळ, एक वळणाचं. यंत्राच्या मजकुरात वाक्यं जास्त एकसारखी असतात, असं मानलं जातं. तुझी पहिल्या पानावरची वाक्यं मी बघितली. बहुतेक सगळी दहा ते चौदा शब्दांची आहेत: कर्ता, क्रियापद, कर्म, पूर्णविराम. ती तशी का आहेत हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या इंग्रजी वह्या मी वर्षानुवर्षं बघत आलेय. वाक्य लांबलं की काळ चुकतो, ‘हू’ आणि ‘विच’चा घोळ होतो, गुण जातात. म्हणून मुलं वाक्य लवकर मिटवतात. हा शहाणपणाचा निर्णय असतो आणि शाळेनंच तो शिकवलेला असतो.

शब्दांचंही तसंच. मराठीत लिहिताना ‘पाणी नासलं’, ‘पाण्याला वास मारतो’, ‘पाणी काळं पडलं’ यातलं नेमकं काय लिहायचं ते तू डोळे झाकून ठरवशील. इंग्रजीत मात्र ‘वॉटर गेट्स पोल्यूटेड’ हेच खात्रीचं वाटतं, कारण ते गाईडमध्ये छापलेलं होतं, बाईंनी फळ्यावर लिहिलेलं होतं आणि त्यावर कधी लाल शाई पडली नव्हती. परक्या भाषेत लिहिणारा कुणीही असाच खात्रीचा शब्द धरून चालतो, मग तो कोल्हापूरचा असो की चीनमधला. आणि खात्रीचा शब्द म्हणजे सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द. प्रणालीही त्याच जास्त वापरलेल्या इंग्रजीवर शिकलेली असते. त्यामुळं तुझं वाक्य आणि तिचं वाक्य एकाच जागी येऊन थांबतात. तू तिची नक्कल केलेली नसतानाही.

त्यात लाल-निळ्या रेषांची भर पडली. तुझ्या मूळ वाक्यांत ज्या चुका असतील, एखादा विचित्र शब्दक्रम, अव्यय जागा सोडून बसलेलं, त्या प्रणालीच्या दृष्टीनं अनपेक्षित होत्या आणि पर्प्लेक्सिटी वाढवत होत्या. प्रत्येक दुरुस्तीनं वाक्य सगळ्यात रूढ रूपाकडं सरकलं. तुझ्या मैत्रिणीला चार टक्के आले याचं कारणही बहुधा इथंच आहे. लहानपणापासून इंग्रजी गोष्टी वाचलेली, घरीदारी बोललेली मुलगी जिथं तू ‘पोल्यूटेड’ लिहितेस तिथं ‘फाउल’, ‘मर्की’, ‘स्लजी’ यातला एखादा शब्द सहज टाकते. त्यातून तिच्याकडं इंग्रजीचा साठा मोठा आहे एवढंच कळतं. निबंध कुणी लिहिला हे ना तिच्या बाबतीत कळतं, ना तुझ्या.

हे मी मनानं सांगत नाहीये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या वेइशिन लिआंग, जेम्स झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘पॅटर्न्स’ या शोधपत्रिकेत यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजीच्या टोफेल परीक्षेसाठी परभाषिकांनी लिहिलेले ९१ निबंध आणि अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे ८८ निबंध घेतले. दोन्ही गठ्ठे माणसांनीच लिहिलेले. ते त्या वेळच्या सात तपासणी सॉफ्टवेअरमधून काढले. अमेरिकन मुलांचे निबंध जवळजवळ बिनचूक ‘माणसाचे’ ठरले. टोफेलच्या निबंधांपैकी मात्र सरासरी ६१ टक्के ‘एआय’चे ठरवले गेले. ९१ पैकी १८ निबंधांवर सातही सॉफ्टवेअरनी एकमतानं शिक्का मारला, आणि ८९ निबंध असे होते की सातांतल्या निदान एकानं तरी त्यांना यंत्राचे म्हटलं. ज्यांच्यावर एकमत झालं त्या निबंधांची पर्प्लेक्सिटी बाकीच्यांपेक्षा कमी होती.

त्याच अभ्यासातला पुढचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी टोफेलचे तेच निबंध चॅटजीपीटीला दिले आणि सांगितलं, यातले शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या शब्दांसारखे समृद्ध कर. म्हणजे आता मजकुरात खरंच यंत्राचा हात लागला. तरी चुकीच्या शिक्क्यांचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास उतरलं. उलट अमेरिकन मुलांच्या निबंधातले शब्द साधे करायला सांगितले, तेव्हा त्यांच्यावर शिक्के वाढले. लेखक कोण हे त्या सॉफ्टवेअरना ओळखता येत असतं तर यंत्राचा हात लागल्यावर संशय वाढला असता. तो घटला, कारण ती शब्दांची श्रीमंती मोजत होती.

ह्युमनायझर नको म्हणते ते यासाठीच. तो नेमकं हेच करतो: साध्या शब्दाच्या जागी कमी वापरातला शब्द बसवतो आणि वाक्यं मोडतोडून लांब-आखूड करतो. आकडा खाली येईलही. पण आज तू खरं बोलतेयस, आणि त्या बटणानंतर तुझा निबंध खरोखरच यंत्रातून आलेला असेल. शिवाय ‘बंधारा’साठी भलताच शब्द बसला आणि सरांनी त्याचा अर्थ विचारला, तर काय सांगशील? मुद्दाम चुका पेरायचा सल्लाही कुणी देईल. तोही घेऊ नकोस; मग व्याकरणाचे गुण जातील आणि सिद्ध काहीच होणार नाही.

याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी, कारण सर ती मांडू शकतील. तो अभ्यास ९१ निबंधांचा, म्हणजे लहान आहे. निबंध चिनी विद्यार्थ्यांच्या एका संकेतस्थळावरून घेतलेले होते आणि सॉफ्टवेअर २०२३ ची होती. आजची बरीचशी सॉफ्टवेअर नुसत्या पर्प्लेक्सिटीवर चालत नाहीत. माणसांच्या आणि यंत्रांच्या मजकुरांचे मोठे गठ्ठे दाखवून त्यांना फरक शिकवलेला असतो. शिकवताना परभाषिकांचे निबंध पुरेसे घातले तर हा पक्षपात खूप कमी करता येतो, असंही पुढच्या संशोधनात दिसलंय. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेच्या निबंधांवर, त्याच परीक्षेतले देशी-परदेशी लेखकांचे नमुने वापरून केलेल्या कामात परभाषिकांवर अन्याय झालेला आढळला नाही. पण ते त्या परीक्षेपुरतं, त्या विषयांपुरतं होतं. तुमच्या विभागात वापरलेलं सॉफ्टवेअर भुदरगड-राधानगरीच्या मुलामुलींच्या इंग्रजीवर किती चुकतं, हे इथल्या निबंधांवर तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ते तपासायचा एक सोपा मार्ग आहे, त्याकडं येतेच.

त्याआधी त्या टक्क्याबद्दल. ‘८२ टक्के’ म्हणजे तू नक्कल केल्याची शक्यता ८२ टक्के, असं बहुतेकांना वाटतं. तुझ्या रिपोर्टखालच्या बारीक अक्षरांत लिहिलंय की मजकुराच्या इतक्या भागातली वाक्यं सॉफ्टवेअरला यंत्राची वाटली. हे वेगळं माप झालं. काही सॉफ्टवेअर याच जागी स्वतःची खात्री किती ते दाखवतात. दोन सॉफ्टवेअरचे टक्के शेजारी ठेवून तुलनाच करता येत नाही.

सरांची ‘दहा टक्क्यांची’ मर्यादा कुठून आली असावी याचाही मला अंदाज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. त्यात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि त्यापुढं ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या आहेत. पण ते टक्के साम्याचे आहेत, म्हणजे तुझा मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या कुठल्या तरी मजकुराशी शब्दशः किती जुळतो याचे. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला, या नियमांनंतर चार वर्षांनी. ती दहाची रेघ एआयच्या टक्क्याला लावायला त्या नियमांत आधार नाही. आणि दोन्ही रिपोर्टमध्ये मोठा फरक आहे. साम्याच्या रिपोर्टमध्ये रंगवलेल्या ओळीशेजारी मूळ लेख दिसतो. उघडून बघता येतो, जुळलं की नाही ते डोळ्यांनी ठरवता येतं. एआयच्या रिपोर्टमध्ये मूळ असं काही नसतंच. तिथं असतो फक्त अंदाज, आणि तो खोडून काढायला तुला काही हातात दिलेलं नसतं.

ही सॉफ्टवेअर बनवणारेही या मर्यादा मान्य करतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचंच तपासणी सॉफ्टवेअर जानेवारी २०२३ मध्ये आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राच्या मजकुरातला २६ टक्केच पकडत होतं आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होतं. अचूकता कमी म्हणून त्याच जुलैत ते बंद केलं. असंच तपासणी सॉफ्टवेअर बनवणारी टर्निटिन कंपनी सांगते की २० टक्क्यांच्या खालच्या आकड्यात चुकीची शक्यता जास्त असते, म्हणून तिथं नेमका आकडा न देता फक्त तारांकन दाखवतात. आणि केवळ या आकड्यावर विद्यार्थ्याविरुद्ध कारवाई करू नये, हेही तीच सांगते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये ही सोय बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा हिशोब साधा होता: वर्षाला ७५,००० पेपर तपासायला जातात, चूक एक टक्का जरी धरली तरी ७५० मुलांवर नाहक आरोप.

आता सरांकडं जा. सोमवारची वाट बघू नकोस, आणि एकटीच जा. वर्गातली पाच जणं घेऊन गेलीस तर ते आंदोलन वाटेल आणि सर ऐकून घेण्याऐवजी स्वतःचा बचाव करायला लागतील. त्यांना ‘तुमचं सॉफ्टवेअर चुकीचं आहे’ असं म्हणू नकोस. ‘सर, हा निबंध माझा आहे, हे दाखवायची एक संधी द्या’ एवढंच म्हण.

मग वही पुढं कर. खाडाखोड केलेली पानं, मराठीत काढलेले मुद्दे, कुठून माहिती घेतली त्याच्या नोंदी. त्यानंतर गूगल डॉक्स उघडून `File > Version history > See version history` दाखव. हे मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर नीट दिसतं, म्हणून लॅबमध्ये किंवा कुणाच्या लॅपटॉपवर उघड. तिथं फाइल कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वाढली ते दिसतं. दुसरीकडून उचलून आणलेला मजकूर एकदम अख्खा येऊन बसतो. तुझा थोडा थोडा वाढलेला आणि मध्ये मध्ये दुरुस्त झालेला दिसेल. यावर सर म्हणू शकतात की समोर एआयचा मजकूर ठेवून तोच टाइप केला असेल. म्हणून ही नोंद एकटी पुरेशी नाही, तिला वहीची जोड हवी.

त्याहून पक्कं असं की, त्यांना सांग, ‘सर, माझ्या निबंधातला कुठलाही परिच्छेद निवडा, मी तो मराठीत समजावून सांगते. आणि हवं तर आत्ता, तुमच्यासमोर, याच विषयावर अर्धा तास इंग्रजीत लिहून देते.’ समोर बसून लिहिलेल्या पानात हीच आखूड वाक्यं, हेच ‘मोरओव्हर’ आणि ‘देअरफोर’ येतील. सर इतकी वर्षं वह्या तपासताहेत. दोन्ही पानं शेजारी ठेवली की हात एकच आहे हे त्यांना ओळखू येईल.

आणि मघाशी म्हटलं तो मार्ग. प्रत्येक विभागात जुन्या बॅचचे प्रकल्प आणि निबंध पडून असतात, कधी सीडीत, कधी पेनड्राइव्हवर. सरांना विनंती कर की नोव्हेंबर २०२२ च्या आधीचे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे वीस-पंचवीस टाइप केलेले निबंध, नावं काढून, याच सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघावेत. ते चॅटजीपीटीनं लिहिलेले असूच शकत नाहीत. त्यातले चार-पाच जरी ‘एआय’चे निघाले, तरी आपल्या मुलांच्या इंग्रजीवर हे सॉफ्टवेअर किती चुकतं ते सरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. एकही निघाला नाही तर तेही खरं मानायला हवं, आणि मग तुझा निबंध जास्त बारकाईनं बघण्यात सरांची चूक नाही. जुने निबंध इंटरनेटवर टाकलेले नसावेत एवढं बघायचं, नाहीतर सॉफ्टवेअरनं ते शिकतानाच पाहिलेले असू शकतात. ही तपासणी तुझ्या एका निबंधापुरती राहत नाही. पुढच्या प्रत्येक बॅचला ती कामाची आहे, म्हणून सर तयार होतील असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तुला स्पष्ट विचारायला हवी. तू फक्त लाल-निळ्या रेषांच्या दुरुस्त्या घेतल्यास, की वहीतला एखादा मराठी परिच्छेद गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकून इंग्रजी करून घेतलास? तसं केलं असशील तर ते भाषांतर यंत्राचंच आहे आणि सॉफ्टवेअर तिथं चुकलं नाही. बरीच मुलं त्याला एआय धरत नाहीत, म्हणून विचारतेय. केलं असेल तर सरांना आपण होऊन सांग, तो परिच्छेद स्वतः लिहून दे. व्याकरण तपासणी चालते की नाही हेही याच भेटीत विचारून घे, कारण बऱ्याच ठिकाणी तो नियम कुणी लिहून ठेवलेलाच नसतो.

तरीही सर ‘नवाच लिही’ म्हणाले तर लिही, पण जुना निबंध मागं घेतेयस असं कुठं लिहून देऊ नकोस. नव्या निबंधाची सुरुवात पाण्याचं महत्त्व सांगून करायच्या ऐवजी काकाच्या मोटारीपासून, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापासून कर. सॉफ्टवेअरसाठी नाही, तुझ्या दोन पानांत तोच भाग वाचण्यासारखा आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला लिहिता आला नसता.

शून्य देण्यापर्यंत वेळ आली तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे. त्यात तीनच गोष्टी माग: रिपोर्टची पूर्ण प्रत आणि सॉफ्टवेअरचं नाव; एआयच्या टक्क्याची मर्यादा कोणत्या लेखी नियमात आहे त्याची माहिती; आणि तोंडी किंवा समोर बसून लिहून दाखवण्याची संधी. वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि गूगल डॉक्सच्या नोंदीचे फोटो जोड, मूळ वही मात्र स्वतःजवळच ठेव. अर्ज दोन प्रतींत कर आणि एका प्रतीवर ऑफिसमधून तारीख-शिक्क्यासह पोच घे.